दोन सुट्ट्यांमधली तार

रविवार, १४ फेब्रुवारी १९५४. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी रत्नागिरीच्या तार ऑफिसच्या खिडकीशी राजिवड्याची खतिजा उभी राहिली आणि तिने कुवेतला तार करायची आहे असं सांगितलं. रविवारी ही खिडकी आठ ते दहा एवढीच उघडी असे. आत भिकाजी तारमास्तर एकटेच होते. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग खतिजाकडे, मग तिच्या मागे रिकामी टोपली काखेत धरून उभ्या असलेल्या आवडाबाईकडे.

"कुवेतला? आज?" ते म्हणाले.

"आजच," खतिजा म्हणाली. "आज दुपारी अडीचच्या आत तिथं वाचली गेली पाहिजे."

"बाई, आज रविवार आहे. अर्जंट लावून पाठवली तरी तिकडे घेणार कोण? उद्या सोमवारी करा, निवांत जाईल."

"उद्या बोट सुटते, मास्तर."

"मेल्या, ऐकून तरी घे तिचा," आवडाबाई मागून म्हणाली. ती मासळी विकायची, खतिजाच्या शेजारची, आणि भिकाजींच्या घरी तिचा रोजचा रतीब होता. त्यामुळे सरकारी खिडकीशी असं बोलायचा अधिकार तिने केव्हाच घेतला होता.

भिकाजींनी हातातला टाक खाली ठेवला. खतिजाने पदर डोक्यावर नीट ओढून घेतला आणि झालेला प्रकार सांगितला.

तो असा.

तिचा नवरा जैनुद्दीन कुवेतला एका तेल कंपनीच्या धक्क्यावर माल चढवण्या-उतरवण्याचं विंच चालवत होता. जाऊन तीन वर्षं आणि चार महिने झाले होते. पहिला करार दोन वर्षांचा होता; तो संपला तेव्हा बदली माणूस मिळाला नाही म्हणून कंपनीने थांबवून घेतलं. आता रजा मंजूर झाली होती, पण त्याच अटीवर. धक्क्यावर विंचवाले दोनच. एक सुटायचा तर त्याच्या जागी दुसरा हवा, आणि तो दुसरा निरोगी आहे अशी तार कंपनीच्या मुंबईतल्या एजंटाकडून आल्याशिवाय पहिल्याचं नाव रजेच्या यादीत चढत नसे. ही यादी कंपनीचं ऑफिस रविवारी दुपारी बारा वाजता बंद करून आगबोटीच्या कचेरीकडे पाठवत असे. बोट सोमवारी संध्याकाळी. या खेपेनंतर ऑगस्टपर्यंत रजा कुणालाच नव्हती, कारण मार्चपासून नव्या धक्क्याचं काम सुरू व्हायचं होतं. हे सगळं जैनुद्दीनने पत्रात दोनदा लिहिलं होतं, दुसऱ्यांदा खाली रेघ ओढून.

बदली माणूस घरचाच होता. खतिजाचा धाकटा भाऊ रमजान. चार वर्षं मुंबईच्या गोदीत काम करून आलेला. एजंटाने त्याला पसंत केलं होतं. राहिली होती फक्त डॉक्टरची तपासणी. एजंटाचं पत्र मंगळवारी आलं: शुक्रवारी सकाळी हजर व्हावे, फार तर शनिवारी नऊपर्यंत.

"मग शुक्रवारी का नाही पोचला?" भिकाजींनी विचारलं.

खतिजाने तेही सांगितलं.

गुरुवारी दुपारी रमजान वळकटी बांधून अंगणात उभा होता. चारची आगबोट पकडायची, शुक्रवारी सकाळी मुंबई. खतिजानेच त्याला थांबवलं. उद्या जुम्मा आहे, जुम्म्याची नमाज पढून नीघ, परदेशी जायचं काम आहे, असं ती म्हणाली. सासू कुलसुमबीलाही ते पटलं. रमजान म्हणाला, "आपा, एक दिवस जातोय." त्यावर खतिजाने बोटांवर मोजून हिशेब मांडला. तिकडे शुक्रवारी ऑफिस बंदच असतं. शुक्रवारी तार गेली काय आणि न गेली काय. तू शनिवारी सकाळी सातला मुंबईत. त्यांचं ऑफिस शनिवारी उघडतं. शनिवार अख्खा आहे आणि रविवारी दुपारपर्यंतचा वेळ आहे.

हिशेब चुकीचा नव्हता. तो कुवेतचा होता.

तीन वर्षं चार महिने खतिजाचा आठवडा असाच चालला होता. जैनुद्दीनला सुट्टी शुक्रवारी, म्हणून त्याची पत्रं शुक्रवारी लिहिलेली असत. शुक्रवारी तो कपडे धुतो, नमाजला जातो, दुपारी कुणा दाभोळकराच्या खोलीवर भात आणि कालवण खातो, आणि संध्याकाळी लिहायला बसतो, हे तिला पाठ होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरात रविवार तांबडे छापलेले होते. तिने शुक्रवारांवर काजळाचे ठिपके दिले होते. शनिवारी पहाटे कामावर जाताना त्याचा डबा कोण भरत असेल, हा विचार तिला शनिवारी पहाटेच येई. राजिवड्यात रविवारी तसंही काही बंद नसे. होड्या जात, मासळी येई, मदरशात पोरं बसत. रविवार नावाचा दिवस तिच्या आठवड्यात होता, पण तो काम बंद ठेवणारा दिवस म्हणून नव्हता. मुंबईच्या एजंटाच्या ऑफिसात तो तसा होता. आणि त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, ते दुपारी एकलाच कुलूप लावत.

तरीही जमलं असतं. शुक्रवारची बोट वेळेवर निघाली. जयगड झालं, दाभोळ झालं, हर्णै झालं. पहाटे मुंबईच्या तोंडाशी दाट धुकं होतं. बोट बाहेर नांगर टाकून भोंगे वाजवत उभी राहिली. सातच्या ऐवजी अकरा वाजून वीस मिनिटांनी ती भाऊच्या धक्क्याला लागली. रमजान धावत एजंटाकडे गेला. डॉक्टर शनिवारी नऊ ते अकरा बसत असत. ते निघून गेले होते. कारकुनाने सांगितलं, सोमवारी दहाला या. रमजानने दुसरा डॉक्टर शोधू का म्हणून विचारलं. कारकून म्हणाला, कंपनी आमच्याच डॉक्टरची सही मानते. मग एकला ऑफिस बंद झालं.

रमजानची तार शनिवारी दुपारी पावणेचारला राजिवड्यात आली. डॉक्टर गेले, तपासणी सोमवारी, जैनुद्दीनभाईंना कळवा. तार घेऊन आलेल्या शिपायानेच ती वाचून अर्थ सांगितला. शिपाई गेल्यावर कुलसुमबी एवढंच म्हणाली, "सोमवारी तर सोमवारी. एका दिवसानं काय होतं?" खतिजाने तिला समजावलं नाही. तार ऑफिसची शनिवारची खिडकी तोवर बंद झाली होती.

"म्हणजे असं," भिकाजी म्हणाले. त्यांनी एक कोरा कागद ओढला. "इकडे मुंबई आज बंद. उद्या उघडेल तेव्हा तिकडची यादी बंद झालेली. आणि तिकडे परवा, शुक्रवारी, बंद होतं तेव्हा इकडे उघडं होतं."

"हो."

"सगळा गोंधळच आहे."

"पण आज तिकडे उघडं आहे," खतिजा म्हणाली. "हेच सांगत्ये मी मघापासून. आज तिथं कामाचा वार. शनिवार पहिला, आज दुसरा. आज ऑफिसात माणसं आहेत."

भिकाजींनी टाक पुन्हा उचलला. त्यांची सव्वीस वर्षं तारखात्यात गेली होती, आणि रविवारी परदेशी तार म्हणजे सोमवारपर्यंत पडून राहणारा कागद, असं त्यांनी कितीतरी व्यापाऱ्यांना सांगितलं होतं. लंडनसाठी ते खरंही होतं.

"मुंबईची परदेशी लाईन रविवारी चालू असते का, मास्तर?"

"ती कधीच बंद नसते. रात्रंदिवस." ते कागदाकडे पाहत म्हणाले. "किती वाजले तिकडे?"

"अडीच तास मागे. आत्ता पावणेसहा असतील. ऑफिस सातला उघडतं. म्हणजे आपले साडेनऊ. यादी बाराला, म्हणजे आपले अडीच."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे?" आवडाबाई म्हणाली. "ही बाय इथं भात शिजवते नि सांगते, आता त्यांची न्याहारी झाली. मी म्हणते, गो, तुझा घड्याळ कुणी मागं केला? आमचं धनी दाभोळात गेलं तर मला त्यांची जेवणाची वेळ ठाऊक नसते."

"तुमच्या धन्यांना तुम्ही जेवायला घालता तरी का?" भिकाजी म्हणाले. आवडाबाई मोठ्याने हसली. खतिजा हसली नाही. तिचं लक्ष घड्याळाकडे होतं. आठ वाजून बावीस.

प्रश्न पत्त्याचा निघाला. खतिजाच्या मनात तार जैनुद्दीनच्या नावाने करायची होती. भिकाजींनी मान हलवली. तो धक्क्यावर असेल, कामगारांच्या तारा वसाहतीवर जातात, त्याच्या हातात ती संध्याकाळी पडेल. तार थेट ऑफिसला करा, यादी करणाऱ्याला. खतिजाने कमरेच्या पिशवीतून शेवटचं पत्र काढलं. पाकिटावर कंपनीचा तारेचा पत्ता छापलेला होता. भिकाजींनी तो चष्मा वर करून दोनदा वाचला.

"एक गोष्ट आधीच सांगतो," ते म्हणाले. "तुमच्या तारेला कंपनीच्या लेखी किंमत नाही. ते एजंटाचीच तार मागतात. तुम्ही फार तर विनंती करू शकता. माणूस मुंबईत हजर आहे, तपासणी सोमवारी सकाळी, तोवर नाव यादीत ठेवा. बोट उद्या संध्याकाळी आहे ना? मग एजंटाची तार उद्या सकाळी गेली तर बोट सुटायच्या आत पोचते. यादी बंद झाली तरी नाव आत असलं तर निभेल. नाव काढून टाकलं तर मात्र उद्याच्या तारेचा काही उपयोग नाही."

"तेच लिहा."

"तुम्ही कोण म्हणून लिहू? बायको?"

खतिजाने विचारलं, "बायकोचं ऐकतात का तिकडे?"

"इकडेच ऐकत नाहीत," भिकाजी म्हणाले.

"रमजानची बहीण म्हणून लिहा. तो त्यांचा माणूस आहे आता."

त्यांनी इंग्रजीत मजकूर केला आणि मराठीत तिला वाचून दाखवला. बदली रमजान मुंबईत हजर. धुक्यामुळे उशीर. डॉक्टर सोमवारी. कृपया विंचवाला जैनुद्दीन यादीत ठेवा. खाली, खतिजा, रमजानची बहीण. धुक्याचे शब्द गाळले तर तार लहान होईल, असं त्यांनी सुचवलं. खतिजा म्हणाली, राहू द्या. उशीर माणसामुळे झाला असं त्यांना वाटायला नको. हे बोलल्यावर ती खिडकीच्या दगडी चौकटीकडे बघत राहिली.

आठ वाजून सदतीस मिनिटांनी भिकाजी यंत्रावर बसले. मुंबईची लाईन दोनदा तुटली. रविवारी मधल्या ठाण्यावर एकच माणूस असतो, तो चहाला गेला असेल, असं ते आतूनच म्हणाले. आठ त्रेपन्नला मुंबईने तार घेतली. नऊ अठराला मुंबईचा निरोप आला की ती पुढे कुवेतच्या लाईनवर दिली आहे.

"आता?" खतिजाने विचारलं.

"आता आपल्या हातात काही नाही. उत्तर आलं तर मुंबईत येईल. मी दहाला बंद करतो. मुंबई उद्या सकाळी आठला देईल."

"आजच आलं तर?"

"आजच आलं तरी उद्या आठला."

"इथं रविवार आहे म्हणून," खतिजा म्हणाली.

"इथं रविवार आहे म्हणून."

भिकाजींनी त्या दिवशी खिडकी दहाला बंद केली, पण यंत्र दहा वाजून पंचवीस मिनिटांपर्यंत चालू ठेवलं. काही आलं नाही.

खतिजा आणि आवडाबाई उतारावरून पायी राजिवड्याला आल्या. वाटेत आवडाबाईने एकदा विचारलं, "पोर विचारते का गो बापाला?"

"विचारते. तो गेला तेव्हा ती पोटात होती. फोटोतल्या माणसाला ती बा म्हणते आणि पोस्टमन आला की त्यालाही बा म्हणते."

"मग पोस्टमनला कसा वाटता?"

"त्याला चार आहेत. तो म्हणतो, पाचवी चालेल."

दोघी थोडा वेळ हसल्या. मग खतिजा म्हणाली, "गुरुवारी मी त्याला जाऊ दिला असता तर उद्या रमजान कुवेतच्या वाटेला लागला असता आणि ते इकडच्या. दोघं समुद्रात एकमेकांसमोरून गेले असते."

"तू काय वाईट केलंस? नमाजेला थांबवलास."

"मी नमाजेसाठी थांबवलं नाही, आवडाबाई." ती चालत राहिली. "म्हणजे, नमाजेसाठीच. पण मनात असं होतं की शुक्रवारी ते मोकळे असतात. शुक्रवारी आपणही काही करू नये. त्यांच्या सुट्टीत आपली पण सुट्टी. इतकी वर्षं मी तशीच राहिले."

आवडाबाईने टोपली एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली.

दुपारी अडीच वाजता, म्हणजे कुवेतला बारा वाजता, खतिजा भाट्याच्या खाडीच्या काठी होती. भरती होती. दोन होड्या परत येत होत्या. ती कशासाठी आली आहे हे कुणी विचारलं नाही, आणि तिने सांगितलंही नाही. तिथे कुणीतरी टेबलाशी बसलेलं असेल. समोर नावांचा कागद असेल. जैनुद्दीन त्या वेळी धक्क्यावर असेल. त्याला तार आल्याचं कळलं असेल किंवा नसेल. रजेच्या माणसाला शेवटच्या दिवशी काम देतात का, हे तिला माहीत नव्हतं. त्याच्या रोजच्या दिवसातली ही एकच गोष्ट होती, जी त्याने कधी लिहिली नव्हती. कारण त्याला अजून रजा मिळालीच नव्हती. पावणेतीनला ती घरी गेली. कुलसुमबीने विचारलं, "आलं का काही?" ती म्हणाली, "आज येणार नाही. आज इथं बंद आहे."

सोमवारी सकाळी आठ वाजून सहा मिनिटांनी भिकाजींनी मुंबईकडून कुवेतची तार घेतली. कुवेतहून ती रविवारी, तिकडच्या वेळेप्रमाणे दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी सुटली होती. शिपायाची वाट न पाहता त्यांनी ती सायकलवरून जाणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर राजिवड्याला पाठवली आणि मागाहून स्वतः जेवणाच्या सुट्टीत तिथे गेले, कारण तारेचा अर्थ सांगायचा होता.

"तुमची तार मिळाली. बाब धक्का विभागाकडे पाठवली आहे. मुंबईच्या तारेची वाट पाहत आहोत." एवढंच.

"नाव आहे का यादीत?" खतिजाने विचारलं.

"ते लिहिलेलं नाही."

"वाट पाहत आहोत म्हणजे ठेवलं असेल."

"असेल. किंवा नेहमीचं वाक्य असेल. कंपन्या असंच लिहितात."

"मास्तर, तुम्हाला काय वाटतं?"

भिकाजींनी तार पुन्हा वाचली. "मला वाटतं ते यात नाही. एवढं म्हणेन, त्यांनी नाही म्हटलेलं नाही. आणि त्यांनी कालच उत्तर दिलं. कालच."

त्याच दिवशी दुपारी दोन वाजता रमजानची मुंबईहून तार आली. तपासणी झाली. पास. एजंटाची तार अकरा चाळीसला गेली. कुवेतला तेव्हा सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. बोट सुटायला नऊ-साडेनऊ तास होते.

मंगळवारी काही आलं नाही.

आवडाबाईचं म्हणणं होतं की तार नाही म्हणजे तो बोटीत आहे. बोटीत बसलेला माणूस तार कुठून करणार? कुलसुमबीने ते मान्य केलं आणि जैनुद्दीनची गादी उन्हात टाकली. खतिजाने गादी टाकू दिली. पण तिने दुसरीही बाजू धरून ठेवली होती. तो राहिला असेल, तर तो तार करणार नाही. वाईट बातमीची तार करायची नाही असं जाताना त्यानेच ठरवलं होतं. तारवाला दारात आला की अम्मा घाबरते. तो पत्र लिहील. आणि पत्र तो शुक्रवारी लिहील. शुक्रवार एकोणीस. ते पत्र शनिवारी तिकडच्या टपालात पडेल, पुढची बोट धरेल, मुंबईत रविवार आडवा आला तर तिथे एक दिवस थांबेल, आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात राजिवड्यात येईल. तो स्वतः निघाला असेल तर बोट बहारीन आणि कराची करत बुधवारी चोवीस तारखेला मुंबईला लागायची होती. म्हणजे तो आला नाही, हे तिला आधी त्याच्या न येण्यावरून कळणार होतं आणि पत्रावरून नंतर.

तिने भिकाजींना विचारलं, बोटीवरच्या माणसांची नावं मुंबईला कधी कळतात? त्यांनी चौकशी केली. आगबोटीच्या कचेरीला नावं कराचीहून कळतात, बोट तिथे लागल्यावर. कराची सोमवारी बावीसला. एजंट त्या दिवशी विचारू शकेल. रमजान मुंबईतच होता. तपासणी लांबल्यामुळे त्याची स्वतःची बोट आता सत्तावीसला होती. त्याला तसं पत्र गेलं.

बुधवार, १७ फेब्रुवारी. मुंबईचं सोमवार-मंगळवारचं वर्तमानपत्र संध्याकाळच्या आगबोटीने रत्नागिरीला आलं. मंगळवारच्या अंकात आतल्या पानावर जहाजांच्या हालचाली होत्या. भिकाजींनी ती ओळ शोधली आणि कागदाच्या चिठ्ठीवर उतरवून आवडाबाईकडे दिली. आगबोट सोमवारी संध्याकाळी सहा वाजून पस्तीस मिनिटांनी कुवेतहून ठरल्याप्रमाणे निघाली. डेकचे, म्हणजे स्वस्त तिकिटाचे, उतारू चारशे बारा. नावं छापलेली नव्हती.